चमचाभर बियांचा हिशेब

गंगापूर रोडवर सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींत सध्या एका विषयाची चर्चा फार असते. कोणी म्हणते चिया घ्या, कोणी म्हणते जवस घ्या, तर कोणी लाल भोपळ्याच्या हिरव्या सोललेल्या बिया खिशातल्या डबीतून काढून दुसऱ्याच्या तळहातावर ठेवते. (त्यानंतर हीच मंडळी तर्रीदार मिसळ खायला बसतात, पण तो विषय आज बाजूला ठेवू.) ‘रोज एक टेबलस्पून’ हे माप मात्र सर्वांच्या तोंडी एकच आहे. हे माप फसवे कसे ठरते, ते आज एका उदाहरणावरून पाहू.

मध्यंतरी एक निवृत्त शिक्षिका माझ्याकडे आल्या. वय ६२, वजन ५८ किलो. तक्रार साधीच होती. जमिनीवर बसले की उठताना हाताचा आधार घ्यावा लागतो आणि जिना चढताना मांड्या भरून येतात. वजन दोन महिन्यांत दीड किलोने उतरले होते आणि त्याचा त्यांना आनंदच झालेला होता. जेवणाविषयी विचारले, तेव्हा त्यांनी पिशवीतून शाळेतल्यासारखी रेघांची वही काढली. त्यात त्यांनी पाकिटांवरचे आकडे घेऊन, एका चमच्याचा हिशेब करून, सुबक तक्ता मांडला होता. चिया, जवस आणि भोपळ्याच्या बिया, प्रत्येकी एक टेबलस्पून. प्रत्येकापुढे प्रथिने, स्निग्ध पदार्थ आणि तंतू यांचे ग्रॅम, आणि शेवटी तिन्हींची बेरीज. तळाशी लाल शाईने लिहिले होते : ‘रोज २४ ग्रॅम पोषण.’

“डॉक्टर, एवढं मिळतंय म्हटल्यावर रात्रीचं वरण बंद केलं. दूधही सोडलं. नाहीतरी रात्री जडच होतं,” त्या म्हणाल्या.

बाईंचे गणित चुकलेले नव्हते. बेरीज बरोबर होती. चूक होती ती कशाची बेरीज करायची यात.

प्रथम तो तक्ता आपण पाहू. येथे मी अमेरिकेच्या कृषी खात्याच्या अन्नघटक तक्त्यातले आकडे घेतो, कारण तिन्ही बिया त्यात एकाच पद्धतीने मोजलेल्या सापडतात. निरनिराळ्या देशांच्या तक्त्यांत आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण चित्र बदलत नाही. काठोकाठ भरून वरून सुरीने सपाट केलेल्या १५ मिलिलिटरच्या चमच्यात चिया साधारण १० ग्रॅम बसतो, अख्खे जवसही सुमारे १० ग्रॅम आणि भोपळ्याच्या सोललेल्या बिया सुमारे ८ ग्रॅम. चियाच्या त्या चमच्यात १.७ ग्रॅम प्रथिने, ३.१ ग्रॅम स्निग्ध आणि ३.४ ग्रॅम तंतू मिळतात, बेरीज ८.२. जवसात १.८, ४.२ आणि २.७, बेरीज ८.७. भोपळ्याच्या बियांत २.४, ३.९ आणि तंतू मात्र जेमतेम अर्धा ग्रॅम; बेरीज ६.८. तिन्ही मिळून २३.७, म्हणजे बाईंचे चोवीस.

आता या बेरजेवर नीट विचार करा. चमचा बाजूला ठेवून १०० ग्रॅमचा हिशेब केला, तर चियाची बेरीज येते सुमारे ८२, जवसाची ८८ आणि भोपळ्याच्या बियांची ८५. तीन निरनिराळ्या वनस्पती, एक मेक्सिकोकडची, एक आपल्या विदर्भाच्या ओळखीची, एक परसातल्या वेलाची, आणि बेरीज जवळजवळ सारखी! हा योगायोग नव्हे. बी म्हणजे आईने लेकराला बांधून दिलेला डबा असतो. कोंब फुटून हिरवे पान येईपर्यंत त्या रोपाला जेवढे लागते, तेवढे त्यात भरलेले असते. ज्वारी, बाजरी, गहू यांच्या डब्यात मुख्यतः पीठ, म्हणजे स्टार्च असतो. तेलबियांच्या डब्यात पिठाऐवजी तेल आणि प्रथिने असतात, आणि त्याभोवती तंतूंचे आवरण. वाळलेल्या बीमध्ये पाणी पाच ते सात टक्के, क्षार चार-पाच टक्के आणि थोडीशी साखर किंवा स्टार्च. एवढे वजा केले की उरले ते सगळे प्रथिने, स्निग्ध आणि तंतू. म्हणजे ही बेरीज आपल्याला एकच गोष्ट सांगते, की हे बी तेलबी आहे, धान्य नव्हे. ते तर आपल्याला पाकीट फोडण्यापूर्वीच ठाऊक होते.

खात्री करून घ्यायची असेल तर डब्यातले शेंगदाणे काढा. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत प्रथिने सुमारे २६, स्निग्ध ४९ आणि तंतू साडेआठ ग्रॅम. बेरीज ८३ च्या पुढे. चियापेक्षा जास्तच! तरी शेंगदाण्याच्या कुटाला ‘रोज इतके ग्रॅम पोषण’ असे कोणी लाल शाईने लिहीत नाही.

दुसरा दोष यापेक्षा मोठा आहे. या बेरजेत तीन न जुळणाऱ्या गोष्टी एका ओळीत बसवल्या आहेत. प्रथिने पचतात, रक्तात जातात आणि त्यांतून स्नायू बांधले जातात. स्निग्ध पदार्थ पचतात आणि ग्रॅममागे नऊ कॅलरी देतात, प्रथिनांच्या दुपटीहून अधिक. तंतूंचे काम याच्या अगदी उलट. ते लहान आतड्यात पचत नाहीत, म्हणून तर ते उपयोगी. काही तंतू मोठ्या आतड्यातल्या जंतूंचे खाद्य होतात, बाकीचे मळ मऊ आणि भरीव करून बाहेर पडतात. जे आत राहते आणि जे बाहेर जाण्यासाठीच खाल्ले जाते, त्यांची बेरीज म्हणजे घरातल्या तिजोरीतली रक्कम आणि केरकाढणीचा पगार एकत्र मिळवून त्याला शिल्लक म्हणण्यासारखे आहे. दोन्ही गरजेचे आहेत, पण एका रकान्यात नाहीत.

बाईंची वही मी याच पद्धतीने उभी मांडून घेतली. तिन्ही चमच्यांतली फक्त प्रथिने मोजली, तर १.७, १.८ आणि २.४ मिळून ५.९ ग्रॅम. स्निग्ध पदार्थ ११.२ ग्रॅम, म्हणजे चहाच्या दोन चमच्यांहून थोडे जास्त तेल. तंतू ६.६ ग्रॅम. आणि कॅलरी सुमारे १४५. ‘चोवीस ग्रॅम पोषण’ या लाल अक्षरांत सर्वांत मोठा वाटा तेलाचा होता.

आता सोडले काय? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये दिलेल्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे दररोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. ५८ किलोला ४८ ग्रॅम. बाईंचा पूर्वीचा आहार आम्ही दोघांनी मिळून मोजला. दिवसभरात चार पोळ्या, थोडा भात, दुपारचे वाटीभर वरण, भाजी, दही, सकाळचे पोहे, रात्रीचे वरण आणि झोपताना ग्लासभर दूध. सगळे मिळून प्रथिने ४५ ग्रॅमच्या आसपास येत होती. म्हणजे आधीच काठावर. रात्रीच्या वरणात ३० ग्रॅम डाळ धरली तर साडेसहा ग्रॅम प्रथिने, २०० मिलिलिटर दुधात तेवढीच. या तेरा ग्रॅमच्या जागी बियांतून सहा ग्रॅम आली. पंचेचाळीसचे अडतीस झाले. गरजेपेक्षा दहा ग्रॅम कमी, रोज, दोन महिने. मांड्यांतली कमजोरी केवळ यामुळेच आली असे मी म्हणणार नाही. या वयात इतर कारणेही पाहावी लागतात आणि ती आम्ही पाहिली. परंतु साठीनंतर स्नायू आपणहून कमी होत असतात, तेव्हा वजन उतरले ते चरबीचे की मांड्यांचे, हा प्रश्न पडतोच.

बरे, हे सहा ग्रॅमसुद्धा त्यांना मिळत होते का? मी विचारले, “बाई, जवस कसे घेता?” त्या म्हणाल्या, “तसेच. सकाळी चमचाभर तोंडात टाकते आणि पाण्याबरोबर गिळते.”

जवसाचे अख्खे बी दातांतून सुटले, तर पोटातून जसेच्या तसे बाहेर पडू शकते. त्याची चकचकीत साल मोठी चिवट असते आणि आपल्या पाचक रसांना ती सहजी फुटत नाही. ओळखण्याची खूण सरळ आहे, जरा किळसवाणी वाटली तरी सांगतो. शौचात तपकिरी चकचकीत दाणे अख्खे दिसले, तर त्या जवसातील तेल आणि प्रथिने आपल्याला मिळालेली नाहीत. सालीवरचा बुळबुळीत तंतू तेवढा पाण्यात सुटून उपयोगी पडला असेल. बाईंनी तसे दाणे पाहिलेले होते आणि ‘पोट साफ होतंय’ एवढाच अर्थ काढला होता. अर्धा अर्थ बरोबर होता.

म्हणून जवस कुटूनच घ्यावे. पण येथे चमच्याची आणखी एक गंमत आहे. चमचा वजन मोजत नाही, जागा मोजतो. कुटलेले जवस फुगते, त्यात हवा भरते. अख्ख्या जवसाचा जो चमचा १० ग्रॅम भरतो, तोच कुटलेल्या जवसाचा ७ ग्रॅम भरतो. त्यात प्रथिने १.३, स्निग्ध ३ आणि तंतू १.९, बेरीज ६.२. कागदावर पाहिले तर अख्खे जवस ८.७ आणि कुटलेले ६.२, म्हणजे अख्खे सरस! पोटात मात्र उलटे. बेरजेच्या मागे जाणारा माणूस येथे हमखास चुकीचा चमचा निवडतो.

भोपळ्याच्या बियांचेही असेच. बाजारात मिळतात त्या गडद हिरव्या, सोललेल्या. आपल्याकडे डांगर चिरल्यावर निघतात त्या पांढऱ्या, जाड टरफलाच्या. काही घरांत त्या धुऊन, वाळवून, टरफलासकट भाजून खातात. टरफलासकट एका चमच्यात जेमतेम ४ ग्रॅम बसतात, कारण बिया मोठ्या आणि मध्ये पोकळी जास्त. त्यात प्रथिने, स्निग्ध आणि तंतू प्रत्येकी पाऊण ग्रॅमच्या आसपास. सोललेल्या बियांत तंतू नावालाच होता, टरफलासकट घेतल्यावर तो प्रथिनांच्या बरोबरीला आला. नाव एकच, ‘भोपळ्याच्या बिया’, पण चमचा सर्वस्वी निराळा. तक्ता वाचताना कोणत्या बियांचा आहे हे आधी पाहावे.

आता चमचाच कोणता, हा प्रश्न. आपल्या घरात चहाचा चमचा असतो, पोह्यांचा चमचा असतो, वाढायचा डाव असतो. टेबलस्पून नावाचा चमचा बहुतेक घरांत नसतोच, आणि बहुतेक जण पोह्यांच्या चमच्याला टेबलस्पून समजतात. पोह्यांचे चमचेही घरोघरी वेगळे. कोणाचा दहा मिलिलिटरचा भरतो, कोणाचा पंधराचा. तपासायला फार खटपट नाही. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर खुणा केलेले प्लास्टिकचे टोपण येते. त्यात १५ मिलिलिटरच्या खुणेपर्यंत पाणी घ्या आणि आपल्या चमच्यात ओता. काठोकाठ भरला तर तो टेबलस्पून. पाणी सांडले तर लहान. टोपणावर दहापर्यंतच खूण असेल तर एकदा दहा आणि एकदा पाच घ्या.

वजन करायचे असेल, तर एक चमचा काट्यावर ठेवू नका. स्वयंपाकघरातल्या काट्याला एखाद्या ग्रॅमचा फरक धड समजत नाही. दहा चमचे सपाट करून एका वाटीत घाला, वाटीचे वजन वजा करा आणि दहाने भागा. बाईंनी घरी हा प्रयोग करून मला आकडे आणून दाखवले. त्यांचा चमचा बरोबर पंधराचा निघाला, परंतु त्या तो शीग लावून भरत होत्या. शिगेच्या चमच्याने चिया १५ ग्रॅम भरत होता. म्हणजे वहीतला हिशेब एकाचा आणि पोटात जात होता दीड. निवृत्तीनंतरही शाळेची सवय गेलेली नाही. त्यांनी हे स्वतःच लाल शाईने दुरुस्त केले.

चियाविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण त्याच्या बाबतीत चूक केवळ हिशेबाची राहत नाही. चिया आपल्या वजनाच्या दहापट किंवा त्याहूनही जास्त पाणी ओढून घेतो आणि त्याभोवती जेलीसारखे आवरण धरतो. त्याचा तंतू याच रूपात काम करतो. पण ही जेली पोटात धरण्याऐवजी घशात किंवा अन्ननलिकेत धरली तर? अमेरिकेतल्या पोटाच्या डॉक्टरांच्या २०१४ सालच्या वार्षिक परिषदेत असा एक रुग्ण मांडण्यात आला होता. ३९ वर्षांच्या त्या माणसाने एक टेबलस्पून कोरडा चिया तोंडात टाकला आणि वरून ग्लासभर पाणी प्यायला. बिया अन्ननलिकेतच फुगल्या आणि तेथे घट्ट बोळा बसला. त्याला मधूनमधून गिळायला त्रास होण्याची तक्रार आधीपासून होती. शेवटी दुर्बीण घालून तो बोळा सोडवावा लागला. चमचा एकच होता आणि पाणीही प्यायलेले होते. फक्त क्रम चुकला होता. म्हणून चिया आधी भिजवावा, मग खावा. एका चमच्याला निदान पाऊण कप पाणी किंवा ताक, मध्ये एकदा ढवळून अर्धा तास. ज्यांना गिळताना घास अडकल्यासारखा वाटतो, पक्षाघातानंतर ज्यांचे गिळणे मंद झाले आहे किंवा ज्यांच्या आतड्याला पूर्वी अडथळा झालेला आहे, त्यांनी तो आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये.

जाता जाता, सब्जा म्हणजे चिया नव्हे. फालुद्यात घालतात तो सब्जा तुळशीच्या जातीचा, एकसारखा काळा, आणि पाण्यात पडताच दोन-चार मिनिटांत फुगतो. चियाचे दाणे करडे, ठिपकेदार, मधूनच पांढरे असतात आणि फुगायला जास्त वेळ घेतात. एकाच्या तक्त्यातले आकडे दुसऱ्याला लावू नयेत.

मग या तीन चमच्यांत खरोखर उपयोगी असे काय आहे? आहे, आणि ते बेरजेच्या पोटात दडून बसले आहे. स्निग्ध पदार्थांच्या रकान्यात जवसाचे ४.२ आणि भोपळ्याच्या बियांचे ३.९ जवळजवळ सारखे दिसतात. पण जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक भाग अल्फा लिनोलेनिक आम्लाचा असतो. ओमेगा-३ म्हणून जे आपण ऐकतो, त्यातला हा वनस्पतीजन्य प्रकार. तो शरीर स्वतः तयार करू शकत नाही आणि आपल्या नेहमीच्या शेंगदाणा, सूर्यफूल, करडई यांच्या तेलांत तो जवळजवळ नसतो. भोपळ्याच्या बियांतही नगण्यच. चियाच्या तेलात मात्र जवसासारखाच भरपूर. कुटलेल्या जवसाच्या एका सपाट चमच्यात तो सुमारे दीड ग्रॅम मिळतो, आणि प्रौढ माणसाची दिवसाची गरज अमेरिकेतल्या मानकांप्रमाणे स्त्रियांना १.१ व पुरुषांना १.६ ग्रॅम इतकीच आहे. म्हणजे प्रथिनांसाठी चमचा फार तोकडा, तंतूसाठी मदतनीस, पण या एका घटकासाठी एकटा चमचा जवळजवळ पुरा पडतो. मासे न खाणाऱ्या घरात हे महत्त्वाचे आहे. माशांतला जो ओमेगा-३ तो मात्र वेगळा. जवसातल्याचे त्यात रूपांतर शरीरात फारच थोडे होते, म्हणून जवस म्हणजे माशाची बरोबरी असे समजू नये.

येथेही बी फुटलेले हवे. अमेरिकेत २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाळी थांबलेल्या, वजन जास्त असलेल्या स्त्रियांना दहा आठवडे रोज २५ ग्रॅम चिया दिला होता. काहींना अख्खा, काहींना दळलेला. दळलेला घेणाऱ्यांच्या रक्तात अल्फा लिनोलेनिक आम्ल स्पष्ट वाढले, अख्खा घेणाऱ्यांच्या रक्तात तसे वाढले नाही. आणि हेही सांगितले पाहिजे, की रक्तदाब, सूज वगैरे बाबतींत दोघींनाही काही फायदा दिसला नाही. पाकिटावर हे दुसरे वाक्य छापत नाहीत.

बाईंना मी काय सांगितले ते आता सांगतो. रात्रीचे वरण आणि दूध पुन्हा सुरू. जड वाटत असेल तर वरण पातळ न करता जेवण तासभर आधी घ्यायचे, आणि दुधाऐवजी दही किंवा ताक घट्टसर चालेल. भोपळ्याच्या बिया आवडत असतील तर चमचाभर जरूर खाव्यात, त्यात अडीच ग्रॅम प्रथिने आहेतच, पण त्या शेंगदाण्यांच्या ऐवजी, वरणाच्या ऐवजी नव्हे. चिया आणि जवस दोन्ही रोज घेण्याचे कारण नाही. बद्धकोष्ठतेसाठी भिजवलेला चिया सोसत असेल तर तो ठेवावा. नाहीतर कुटलेल्या जवसाचे दोन सपाट चमचे घ्यावेत. त्यात जवळपास चार ग्रॅम तंतू येतो. दिवसाला तंतू ३० ग्रॅमच्या आसपास हवा, त्यातला बाकीचा ज्वारी-बाजरीची भाकरी, सालीची डाळ, भाज्या आणि पेरू यांतूनच येणार. तंतू वाढवताना पाणी वाढवले नाही तर मळ आणखी कडक होतो. पोट फुगत असेल तर अर्ध्या चमच्यापासून सुरुवात करून आठवडाभराने वाढवावे.

आणखी एक गोष्ट बोलता बोलता निघाली. थायरॉइडची गोळी त्या सकाळी उपाशीपोटी, त्याच पाण्याबरोबर घेत होत्या, ज्याने बिया गिळत. ही गोळी रिकाम्या पोटीच नीट शोषली जाते; तंतूचे बुळबुळीत आवरण तिच्या वाटेत येते आणि गोळी पोटात असूनही रक्तात कमी पोहोचते. मग तपासणीत आकडा बिघडलेला दिसतो आणि मात्रा वाढवली जाते. गोळी सकाळी, बिया दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणाबरोबर, असे वेळापत्रक करून दिले. रक्त पातळ ठेवणारी किंवा मधुमेहाची औषधे चालू असणाऱ्यांनीही बिया सुरू केल्याचे आपल्या डॉक्टरांच्या कानावर घालावे.

जवस कसे करावे याला विदर्भातल्या आणि खानदेशातल्या घरांना शिकवण्याची गरज नाही. मंद आचेवर कोरडे भाजायचे, तडतडू लागले की लगेच उतरायचे आणि पूर्ण गार झाल्यावर कुटायचे. भाजल्याने कच्च्या जवसातली काही नको असलेली द्रव्येही कमी होतात. चटणी करायची तर लसूण, तिखट आणि थोडे जिरे. मीठ बेताचे, कारण दोन चमचे चटणी रोज खायची म्हटली तर रक्तदाबवाल्यांना मीठच जास्त होईल. कुटलेले नीट झाले की नाही हे बोटांत चोळून पाहावे. चकचकीत अख्खे दाणे हाताला लागले तर मिक्सरमधून पुन्हा एकदा फिरवावे. अगदी मैद्यासारखे करण्याची आवश्यकता नाही, प्रत्येक दाणा फुटलेला असला म्हणजे झाले.

फुटलेल्या जवसाला हवा लागली की त्यातले तेल लवकर खवट होते. जवसाचे तेल रंगकामात आणि क्रिकेटच्या नव्या बॅटला पाजायला वापरतात, ते हवेत सुकून कडक होते म्हणूनच. तोच गुण डब्यात आपल्या विरुद्ध जातो. म्हणून एका वेळी आठवड्यापुरतेच, म्हणजे एका माणसाला शंभर ग्रॅम, कुटावे आणि घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवावे. डबा उघडल्यावर खमंग वासाऐवजी नव्या रंगवलेल्या दाराचा किंवा तेल पाजलेल्या बॅटचा वास आला, किंवा जिभेवर कडवट लागले, तर ते टाकून द्यावे. अख्खे भाजलेले जवस मात्र कोरड्या डब्यात बरेच दिवस चांगले राहते.

बाई तीन महिन्यांनी पुन्हा आल्या. वजन एक किलो परत वाढले होते आणि या वेळी त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. वहीत नवा तक्ता होता. तीन बियांचे तीन आडवे रकाने होते, उभ्या ओळीत प्रथिने, स्निग्ध आणि तंतू वेगवेगळे होते, आणि तळाची बेरजेची ओळ त्यांनी पट्टी धरून खोडली होती. तिच्या जागी एक नवी ओळ लिहिली होती : ‘वरण, दोन्ही वेळा.’